रिव्ह्यूची दुसरी फेरी

एका तालुक्यातल्या पावसाच्या नोंदींवरून सरासरी काढणारा प्रोग्राम चार-पाच जण मिळून लिहीत आहेत, असे धरू. आपल्याकडे पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या 24 तासांत किती मिलिमीटर पडला ते लिहून ठेवतात. मोजणारा माणूस एखाद्या दिवशी आलाच नाही, तर त्या दिवसाची जागा रिकामी राहते. गटातल्या एकीने पायथन भाषेत सरासरीचे हे छोटे फंक्शन लिहिले:

```python
def average(readings):
    total = 0
    for r in readings:
        total += r or 0
    return total / len(readings)
```

वाचायला ते सोपे आहे. नोंदी एकेक करून बेरजेत मिळवायच्या आणि शेवटी नोंदींच्या संख्येने भागायचे. रिकाम्या जागी पायथनमध्ये `None` असते, आणि `r or 0` याचा अर्थ, नोंद असेल तर ती घे, नसेल तर शून्य घे.

हा बदल तिने गिटमध्ये कमिट केला, म्हणजे नाव, वेळ आणि कारणासह त्याची कायमची नोंद केली. मूळ कोडला धक्का लागू नये म्हणून तिने `monthly-average` नावाची वेगळी ब्रांच काढली होती. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिले, ते अशाच समांतर कामासाठी. 2008 साली सुरू झालेल्या गिटहबने त्याला जोड दिली पुल रिक्वेस्टची. हे एक पान असते. माझ्या ब्रांचमधले बदल मुख्य कोडमध्ये घ्या, अशी विनंती त्यावर मांडलेली असते. तो बदल तिथेच ओळीओळीने वाचता येतो आणि कुठल्याही ओळीखाली कमेंट लिहिता येते. प्रत्येक कमेंटखाली उत्तर-प्रत्युत्तरांचा एक थ्रेड तयार होतो.

गटातल्या एका सहकाऱ्याने हे कोड वाचले. पाच ओळींवर त्याने चार कमेंट लिहिल्या आणि रिव्ह्यू `Request changes` असा शेरा मारून परत पाठवला. इथून पुढची फेरी लेखिकेची. या फेरीत तिने काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, ते आता पाहू.

चार कमेंट, चार प्रकार

पहिली कमेंट चौथ्या ओळीवर होती: “नोंद नसलेला दिवस इथे 0 धरला जातोय. मग सरासरी उगाच कमी येईल ना?” ही सरळ चूक दाखवणारी कमेंट. पाच दिवसांच्या नोंदी 12, रिकामी, 30, 0 आणि 18 अशा असतील, तर बेरीज 60 होते. हे फंक्शन तिला 5 ने भागते आणि 12 उत्तर देते. मोजणी मात्र चारच दिवस झाली होती, म्हणून खरी सरासरी 15 आहे. ही नोंदींची यादी लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा लागेल.

दुसरी कमेंट शेवटच्या ओळीवर: “यादीच रिकामी आली तर?” वरवर हा प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर कोडमध्येच द्यावे लागणार. रिकाम्या यादीची लांबी शून्य, शून्याने भागता येत नाही, आणि प्रोग्राम तिथेच बंद पडतो.

तिसरी कमेंट पहिल्या ओळीवर: “किरकोळ. आकडे कोणत्या एककात आहेत, तेवढं लिहून ठेवू या.” सोबत त्याने नेमकी ओळही सुचवली होती. गिटहबवर अशी सूचना कमेंटमध्येच कोडच्या रूपात देता येते आणि लेखिकेला ती एका बटणाने स्वीकारता येते.

चौथी कमेंट पुन्हा शेवटच्या ओळीवर: “उत्तर एका दशांशापर्यंत round करून द्यायचं का?” हे त्याचे मत आहे. ते मान्य करता येते, तसेच कारण देऊन नाकारताही येते.

काम सुरू करण्यापूर्वी चारही कमेंट वाचून काढाव्यात. वरून खाली एकेक उरकत गेले, तर पहिल्या कमेंटसाठी लिहिलेले कोड दुसरीसाठी मोडावे लागते. इथे पहिल्या आणि दुसऱ्या कमेंटचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे. रिकाम्या नोंदी वगळायच्या ठरल्या, की यादीत पाच जागा असूनही एकही नोंद हाती न उरण्याची शक्यता निर्माण होते. दुसरी कमेंट फक्त रिकाम्या यादीबद्दल बोलते. पहिली दुरुस्ती केल्यावर तोच प्रश्न जास्त मोठा होतो. दोन्ही कमेंट एकत्र वाचल्या तरच हे लक्षात येते.

पाठोपाठचे कमिट

तिसरी कमेंट सर्वांत सोपी, म्हणून तिने आधी ती घेतली. सुचवलेल्या ओळीखालचे `Commit suggestion` बटण दाबले, की गिटहब स्वतःच त्या ब्रांचवर एक कमिट तयार करते आणि सूचना देणाऱ्याचे नाव सहलेखक म्हणून त्यात घालते. मग तिने आपल्या संगणकावर पहिल्या दोन दुरुस्त्या केल्या आणि प्रत्येकीचे स्वतंत्र कमिट केले:

```
git commit -am "नोंद नसलेले दिवस सरासरीतून वगळले"
git commit -am "एकही नोंद नसेल तर None परत द्यावे"
git push
```

पहिले कमिट झाल्यावर दुसरी दुरुस्ती, आणि मग दुसरे कमिट, असा हा क्रम आहे. एका कमेंटला एक कमिट हा नियम दगडावरची रेघ नाही, पण तो पाळल्याने एक मोठी सोय होते. रिव्ह्यू करणाऱ्याला आपल्या कमेंटपासून थेट तिच्या उत्तरापर्यंत जाता येते. सगळ्या दुरुस्त्या “रिव्ह्यूतले बदल” अशा एकाच कमिटमध्ये कोंबल्या, तर कोणती ओळ कशासाठी बदलली याचा शोध त्याने घ्यायचा. पाच ओळींच्या फंक्शनमध्ये ते जमेल. पाचशे ओळींच्या बदलात तो कंटाळून मान्यता देऊन टाकेल, आणि रिव्ह्यूचा उद्देशच संपेल.

पुश केल्यावर पुल रिक्वेस्टसाठी वेगळे काही करावे लागत नाही. ती त्या ब्रांचकडे बोट दाखवत असते, त्यामुळे ब्रांचवर आलेले नवे कमिट आपोआप पानावर दिसते. दुरुस्ती करायची म्हणून जुनी पुल रिक्वेस्ट बंद करून नवी उघडू नये. चार थ्रेड आणि त्यांतली सगळी चर्चा जुन्या पानावरच राहून जाते.

इथे मात्र तिचे पुश नाकारले गेले:

```
! [rejected]  monthly-average -> monthly-average (fetch first)
```

कारण उघड आहे. बटणाने झालेले कमिट गिटहबवर आहे, तिच्या संगणकावर नाही. दोन्ही ठिकाणचा इतिहास वेगळा झाला आहे, आणि तिकडचे कमिट पुसून टाकायला गिट तयार नाही. अशा वेळी घाईत `git push --force` लिहिले, तर पुश होते. पण सहकाऱ्याने सुचवलेली आणि नुकतीच स्वीकारलेली ओळ ब्रांचवरून नाहीशी होते. ती गेली हे पुढच्या रिव्ह्यूपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. योग्य उपाय म्हणजे तिकडचे कमिट आधी आपल्याकडे आणायचे, आपली दोन कमिटे त्याच्यावर रचायची आणि मग पुश करायचे:

```
git pull --rebase
git push
```

या रचण्यात तिच्या दोन कमिटांचे ओळखक्रमांक, म्हणजे हॅश, बदलतात. म्हणून थ्रेडमध्ये हॅश द्यायचा असेल तर तो पुश यशस्वी झाल्यानंतरच उतरवून घ्यावा.

जुनेच कमिट दुरुस्त करण्याचा मोह याहून मोठा असतो. `git commit --amend` वापरून मूळ कमिटच बदलले, तर चुकीचा मागमूस राहत नाही आणि इतिहास नीटनेटका दिसतो. पण ते कमिट रिव्ह्यू करणाऱ्याने वाचलेले असते. बदललेले कमिट गिटच्या दृष्टीने नवीनच वस्तू असते, त्याचा हॅश वेगळा असतो, आणि ते चढवायला जबरदस्तीचे पुश लागते. “मी इथवर वाचले होते” ही त्याची खूण त्यामुळे हरवते. ब्रांच जबरदस्तीने पुढे नेली गेल्याची नोंद गिटहब करते आणि आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहण्यासाठी `Compare` बटणही देते. तरीही काय बदलले हे शोधण्याचे काम लेखिकेकडून वाचणाऱ्याकडे जाते. रिव्ह्यू चालू असताना इतिहासात भरच घालावी, झाडलोट शेवटी करावी. जबरदस्ती टाळताच येत नसेल, तर निदान `--force-with-lease` वापरावे. आपण शेवटचे पाहिले त्यानंतर तिकडे दुसऱ्या कुणाचे कमिट आले असेल, तर ते पुश होऊ देत नाही.

दोन्ही दुरुस्त्यांनंतर फंक्शन असे झाले:

```python
# readings: रोजचा पाऊस, मिमीमध्ये
def average(readings):
    known = [x for x in readings if x]
    if not known:
        return None
    return sum(known) / len(known)
```

थ्रेडमधले उत्तर

कोड बदलले म्हणजे कमेंटला उत्तर मिळाले, असे होत नाही. प्रत्येक थ्रेडमध्ये दोन गोष्टी लिहाव्यात: काय केले आणि कुठे केले. पहिल्या थ्रेडमध्ये तिने लिहिले, “बरोबर आहे. नोंद नसलेले दिवस आता आधीच वगळले जातात. 8c41d07.” हॅशची पहिली सात अक्षरे लिहिली की गिटहब त्यांचा दुवा करते, आणि टिचकी मारताच तेवढाच बदल समोर येतो. नुसते “केले” लिहिले तर कुठे केले हा प्रश्न उरतोच.

दुसऱ्या थ्रेडमध्ये तिने कारणही दिले: “एकही नोंद नसेल तर आता None परत जातं. 0 दिला असता तर कोरडा आठवडा आणि नोंदच नसलेला आठवडा सारखे दिसले असते. e25b9f3.” हे दुसरे वाक्य फार मोलाचे आहे. कोडने काय करायला हवे याविषयीचा तिचा हेतू त्यात स्पष्ट झाला आहे. आता रिव्ह्यू करणाऱ्याला ते कोड तिच्याच शब्दांवर पारखून पाहता येईल.

चौथी कमेंट तिला पटली नव्हती. अशा वेळी दोन चुका होतात. एक म्हणजे वाद नको म्हणून मुकाट्याने बदल करून टाकणे. दुसरी म्हणजे उत्तरच न देणे. तिने कारण मांडले: “इथे round नको वाटतं. ही सरासरी पुढे हंगामाच्या हिशेबात जाते. 4.04 चे 4.0 केले आणि जून ते सप्टेंबरच्या 122 दिवसांनी गुणले, तर जवळपास 5 मिमी पाऊस हिशेबातून गायब होतो. तक्ता छापताना round करू. चालेल का?” तिने आकडा देऊन आपला मुद्दा तपासता येईल असा केला, पर्याय सुचवला आणि शेवटी निर्णय त्याच्यापुढे ठेवला. थ्रेड तिने उघडाच सोडला.

कधी कमेंट रास्त असते, पण कामाच्या चौकटीबाहेरची असते. महिन्याची बेरीज करणाऱ्या जुन्या फंक्शनमध्येही रिकामी जागा शून्य धरली जाते, असे कुणी दाखवून दिले तर ते खरे असू शकते. तरीही तो बदल याच पुल रिक्वेस्टमध्ये घातला, तर वाचून झालेल्या बदलाला न वाचलेले शेपूट लागते. त्यासाठी वेगळा इश्यू उघडावा आणि त्याचा क्रमांक थ्रेडमध्ये लिहावा. “नंतर बघू” हे उत्तर क्रमांकाशिवाय कधी देऊ नये, कारण ते नंतर कुणाच्याच यादीत नसते.

उत्तर देताना एक अगदी साधा घोटाळा होतो. उत्तराच्या चौकटीखाली ते लगेच पाठवण्याचे बटण असते, आणि शेजारी `Start a review` हेही असते. दुसरे दाबले तर उत्तर `Pending` राहते. लेखिकेला ते पानावर दिसते, दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. सगळी उत्तरे एकत्र पाठवायची असतील तर ही सोय उत्तम आहे, पण शेवटी तो रिव्ह्यू सादर करावा लागतो. तो करायचा राहून गेला, तर दोन दिवस दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. आपल्या उत्तराशेजारी `Pending` ही पिवळी पाटी दिसते का, एवढे पाहिले की हा घोटाळा टळतो.

थ्रेड कुणी मिटवायचा

प्रत्येक थ्रेडच्या तळाशी `Resolve conversation` हे बटण असते. ते दाबले की थ्रेड गुंडाळला जातो. तो पुसला जात नाही, पुन्हा उघडता येतो. ज्याने पुल रिक्वेस्ट उघडली त्याला आणि त्या रेपॉझिटरीत लिहिण्याचा अधिकार असलेल्या कुणालाही हे बटण दाबता येते. म्हणजे साधनाच्या दृष्टीने दोघांनाही मुभा आहे, आणि म्हणूनच गटाने आपसात एक रीत ठरवून घ्यावी लागते.

काही गटांत ज्याने कमेंट लिहिली त्यानेच थ्रेड मिटवायचा असतो. त्यामागचा विचार सरळ आहे. शंका त्याची होती, ती फिटली की नाही हे तोच सांगू शकतो. याची अडचण अशी की चाळीस कमेंट असतील, तर किरकोळ दुरुस्त्यांचे पस्तीस थ्रेड शेवटपर्यंत पानावर तसेच राहतात आणि त्यांच्या गर्दीत खरे वादाचे पाच दिसेनासे होतात. दुसऱ्या काही गटांत दुरुस्ती करणाराच थ्रेड मिटवतो. मग पान स्वच्छ राहते, पण दुरुस्ती पुरेशी आहे की नाही हे त्याने स्वतःच ठरवलेले असते.

मला यांतली मधली वाट योग्य वाटते. जिथे दुसरे उत्तर संभवतच नाही, तो थ्रेड लेखिकेने मिटवावा. सुचवलेली ओळ जशीच्या तशी घेतली, टायपातली चूक सुधारली, नाव सांगितल्याप्रमाणे बदलले, अशा ठिकाणी विचारण्यासारखे काही उरत नाही. जिथे तिला निर्णय घ्यावा लागला, तो थ्रेड कमेंट लिहिणाऱ्यासाठी उघडा ठेवावा. आपल्या उदाहरणात तिसरा थ्रेड तिने मिटवला. पहिला, दुसरा आणि चौथा तिने उत्तर देऊन उघडे ठेवले. त्यामुळे त्याने पान उघडले तेव्हा लक्ष घालण्याजोगे तीनच थ्रेड समोर होते.

थ्रेडवर कधी कधी `Outdated` अशी पाटी दिसते. ती पाहून शंका मिटली असे समजू नये. कमेंट ज्या ओळीवर होती ती ओळ नंतर बदलली, एवढेच गिटहब त्यातून सांगते. बदल बरोबर आहे का, किंवा कमेंटमुळेच झाला आहे का, हे त्याला कळत नाही. कमेंट कायम महत्त्वाची असूनही शेजारच्या दुरुस्तीत ओळ हलल्यामुळे ही पाटी लागू शकते.

बऱ्याच रेपॉझिटरींमध्ये सगळे थ्रेड मिटल्याशिवाय मर्ज करता येणार नाही, असा नियम लावलेला असतो. विसरलेली कमेंट त्यामुळे पकडली जाते. पण त्याच नियमामुळे मर्जच्या घाईत सगळी बटणे एका दमात दाबली जाण्याचाही धोका असतो. उत्तर नसलेला आणि तरीही मिटवलेला थ्रेड दिसला, तर तो उघडून पाहावा.

पुन्हा पाहा, असे सांगणे

नवे कमिट आले, थ्रेडमध्ये उत्तरे आली, याच्या सूचना रिव्ह्यू करणाऱ्याला जातात. पण त्या सूचनांवरून काम पूर्ण झाले की अजून चालू आहे हे त्याला कळत नाही. दोन कमिटे आली म्हणून त्याने वाचायला घेतले आणि तासाभराने तिसरे आले, तर त्याचे वाचन वाया गेले. म्हणून “माझे झाले, आता तुमची पाळी” हे स्पष्ट सांगावे लागते. पुल रिक्वेस्टच्या उजव्या बाजूला रिव्ह्यूअरच्या नावाशेजारी गोल फिरणाऱ्या बाणाचे चिन्ह असते, त्यावर `Re-request review` असे नाव येते. ते दाबले की ती पुल रिक्वेस्ट त्याच्या प्रलंबित कामांच्या यादीत पुन्हा जाते.

हे न करता फक्त थ्रेड मिटवून वाट पाहणारे पुष्कळ जण असतात. `Request changes` हा शेरा थ्रेड मिटल्याने उठत नाही. मर्जसाठी मान्यता सक्तीची असलेल्या रेपॉझिटरीत अधिकार असलेल्या व्यक्तीने तो मारला असेल, तर त्याच व्यक्तीने नवा रिव्ह्यू देऊन मान्यता द्यावी लागते किंवा अधिकार असलेल्या कुणी तरी तो शेरा रद्द करावा लागतो. सगळे थ्रेड मिटले आहेत, चाचण्या हिरव्या आहेत, आणि तरीही मर्जचे बटण बंद आहे, असे दिसले तर कारण बहुतेक वेळा हेच असते.

बटण दाबण्यापूर्वी तिने दोन गोष्टी केल्या. ब्रांचवरच्या स्वयंचलित चाचण्या नव्या कमिटवर पार पडल्या, हे पाहिले. आणि पानावर छोटा सारांश लिहिला: “पहिल्या तीन कमेंटप्रमाणे बदल केले आहेत. round बद्दल थोडं वेगळं मत आहे, तो थ्रेड उघडा ठेवलाय. आधी 8c41d07 बघितलं तर बरं.” रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ कुठे जायला हवा, ते या तीन वाक्यांत आहे.

त्याच्या बाजूने पाहिले तर दुसरे वाचन पहिल्यासारखे नसते. बदललेल्या फाइलींच्या पानावर आपल्या शेवटच्या रिव्ह्यूनंतरचेच बदल दाखवा, असे त्याला सांगता येते. छापखान्यात दुसरे प्रूफ आले, की मुद्रितशोधक पहिल्या प्रुफावरच्या खुणा समोर ठेवून दुरुस्त्या झाल्या का ते पाहतो, आणि दुरुस्त झालेली ओळ मात्र पुन्हा पूर्ण वाचतो, कारण दुरुस्ती करतानाच नवी चूक शिरते. कोडचेही तसेच आहे. पहिल्या फेरीत शांतपणे वाचलेल्या कोडपेक्षा दुसऱ्या फेरीत घाईने बदललेल्या दोन ओळी जास्त धोक्याच्या असतात, कारण त्या अजून कुणीच वाचलेल्या नसतात.

आपल्या उदाहरणात नेमके तेच झाले. त्याने दुसऱ्या थ्रेडमधले तिचे वाक्य वाचले, कोरडा आठवडा आणि नोंद नसलेला आठवडा वेगळे दिसायला हवेत. मग तिच्या कोडमध्ये कोरडा आठवडा घालून पाहिला. पायथनमध्ये `if x` ही अट `None` ला जशी गाळते, तशी 0 लाही गाळते. सातही दिवस 0 असतील तर सातही नोंदी गळतात, यादी रिकामी होते आणि उत्तर `None` येते. तिला जे टाळायचे होते तेच घडत होते. सुरुवातीच्या पाच नोंदींवरही परिणाम दिसतो. 12, 30, 0 आणि 18 यांतला 0 गळल्याने बेरीज 60 ला 3 ने भागले जाते आणि उत्तर 20 येते. मूळ चुकीने सरासरी 15 ची 12 झाली होती, दुरुस्तीने ती 20 झाली. चूक दुसऱ्या दिशेला गेली आणि वाढली.

चाचण्यांनी हे का पकडले नाही? कारण त्यांत कोरडा दिवस नव्हता. हिरवी खूण एवढेच सांगते की लिहिलेल्या चाचण्या पार पडल्या. त्याने पहिल्याच थ्रेडमध्ये लिहिले, “`if x` मुळे 0 पण गळतोय. 0 म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता.” round बद्दलचे तिचे म्हणणे त्याला पटले, म्हणून चौथा थ्रेड त्याने मिटवला.

पुढची फेरी छोटी होती. तिने अट बदलून `if x is not None` अशी केली आणि त्याच कमिटमध्ये चाचणी घातली:

```python
def test_dry_day_counts():
    assert average([12, None, 30, 0, 18]) == 15
```

दुरुस्तीबरोबर चाचणी देणे हे रिव्ह्यूच्या उत्तराचे सर्वांत भक्कम रूप आहे. आधीच्या दोन्ही रूपांवर ही चाचणी चालवली तर ती नापास होते, एकीकडे 12 येतात आणि दुसरीकडे 20. म्हणजे कमेंटमधली शंका खरी होती आणि आता ती मिटली आहे, याचा पुरावा कोडमध्येच राहतो. थ्रेड पुढे कुणी उघडून वाचेल याची खात्री नसते. चाचणी मात्र प्रत्येक बदलाबरोबर चालते.

मान्यतेनंतर

तिने पुन्हा `Re-request review` दाबले, त्याने वाचून मान्यता दिली आणि उरलेले दोन थ्रेड मिटवले. या टप्प्यावर शेवटची चूक होते ती “एवढे एक बारीक राहिले” म्हणून आणखी एक कमिट पुश करण्याची. मान्यता त्याने वाचलेल्या कोडला दिलेली असते. नवे कमिट आले की जुनी मान्यता आपोआप रद्द व्हावी, असा नियम गिटहबवर लावता येतो, आणि अनेक गट तो लावतात. नियम नसेल तर न वाचलेली ओळ मान्यतेच्या शिक्क्याखाली मुख्य कोडमध्ये जाते. म्हणून मान्यतेनंतर सुचलेली गोष्ट वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये न्यावी, किंवा इथेच करायची असेल तर पुन्हा पाहायला सांगावे.

आता झाडलोटीची वेळ. ब्रांचवर पाच कमिटे आहेत: मूळ एक, बटणाने झालेले एक, दोन दुरुस्त्या आणि शेवटची चाचणीसह दुरुस्ती. मुख्य इतिहासात या सगळ्यांची गरज नाही. मधल्या चुकीच्या अवस्थेचे कमिट तिथे राहिले, तर पुढे एखादा दोष कधी शिरला हे शोधणाऱ्याची दिशाभूल होते. `Squash and merge` निवडले की पाचांचे एकच कमिट होऊन मुख्य ब्रांचवर जाते. त्या कमिटच्या संदेशात गिटहब पाचही कमिटांचे संदेश भरून देते. ते तसेच सोडू नये. “रिकाम्या नोंदी वगळून सरासरी, 0 ही नोंदच धरावी” असा एक नीट संदेश लिहावा. फेऱ्यांचा सगळा तपशील पुल रिक्वेस्टच्या पानावर राहतोच.

ज्या गटांना कमिटे वेगळी ठेवायची असतात, ते दुरुस्ती करतानाच ती कोणत्या कमिटची आहे हे नोंदवतात:

```
git commit --fixup=8c41d07
git rebase -i --autosquash main
```

पहिली आज्ञा रिव्ह्यू चालू असताना द्यायची. कमिट वेगळेच राहते, वाचणाऱ्याला ते स्वतंत्र दिसते. दुसरी आज्ञा वाचन संपल्यावर द्यायची. ती प्रत्येक दुरुस्तीला तिच्या मूळ कमिटमध्ये मिसळते. अर्थात यात इतिहास नव्याने लिहिला जातो, जबरदस्तीचे पुश करावे लागते, आणि मान्यता रद्द होण्याचा नियम असेल तर ती पुन्हा घ्यावी लागते. छोट्या बदलासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. दोन-तीन स्वतंत्र पायऱ्या असलेल्या मोठ्या बदलात मात्र तो सार्थकी लागतो.

या फेऱ्यांत फंक्शनच्या फार तर पाच-सहा ओळी बदलल्या, तरी कोरडा दिवस आणि न मोजलेला दिवस यांतला फरक गटाला नीट कळला तो दुसऱ्या वाचनातच. ते वाचन उपयोगी ठरण्यामागे तीन कारणे होती. प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्र कमिटमध्ये होती, म्हणून त्याला नेमकी तीच ओळ पाहता आली. थ्रेडमध्ये तिने हेतू लिहिला होता, म्हणून त्याला कोड कशावर पारखायचे ते कळले. आणि ज्यात निर्णय होता ते थ्रेड तिने स्वतः मिटवले नव्हते, म्हणून चूक सापडली तेव्हा ती सांगायला जागा उघडी होती.